नोकरी शोधायच्या आधी जुन्या पोस्ट, कमेंट आणि लाइक तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आयटीतल्या भरतीचं काम मी बरीच वर्षं केलं. आता नातेवाइकांचे आणि ओळखीपाळखीच्या मुलांचे रेझ्युमे बघून देतो. रेझ्युमे झाला की हळूच पुढचा प्रश्न येतो, "काका, ते फेसबुकचं जुनं काय करायचं?" त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केलेत. जास्त जागा फेसबुकला दिली आहे, कारण २००९ ते २०१६ या काळात मराठी मुलांनी सगळ्यात जास्त तिथेच लिहिलं आणि बहुतेकांनी ते परत कधी उघडून पाहिलेलं नाही.

कंपनीवाले खरंच एवढं बघतात का?

एचआरची अधिकृत पडताळणी प्रामुख्याने शिक्षण, आधीची नोकरी, पत्ता आणि कोर्टकचेरी यांची असते. सोशल मीडियाची तपासणी हा तिच्यात वेगळे पैसे मोजून घ्यायचा भाग. काही कंपन्या घेतात, त्याही बहुधा वरच्या पदांसाठी.

पण बघणारा माणूस एचआरमधला नसतोच. तो तुमचा होणारा मॅनेजर असतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर सोफ्यावर पडून तो तुमचं नाव टाकतो, दोन मिनिटं चाळतो आणि झोपतो. किंवा त्याच्या टीममधली मुलगी तुमच्या कॉलेजची निघते आणि "हा ना, ओळखते मी" म्हणत फोन पुढे करते. याची नोंद कुठे होत नाही. नकाराच्या मेलमध्येही कारण येत नाही.

कायद्याचा आधार मिळेल असं वाटत असेल तर तोही फारसा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही.

मी प्रोफाइल लॉक केलंय. आणखी काय राहिलं?

सगळ्यात मोठा भाग राहिला. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर सविस्तर देतो.

फेसबुकने प्रोफाइल लॉकची सोय भारतात २०२० च्या मे महिन्यात आणली. ती चालू केली की तुमच्या भिंतीवरच्या जुन्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. `Limit past posts` नावाची त्याहून जुनी सोयही हेच करते. दोन्ही चांगल्या आहेत, जरूर वापरा. मे २०१४ पर्यंत नवीन खातं उघडणाऱ्याची पोस्ट आपोआप सार्वजनिक जायची, त्यामुळे त्याआधी खातं काढलेल्यांनी तर नक्कीच.

पण हे कुलूप तुमच्या घराचं. तुम्ही दुसऱ्याच्या ओट्यावर बसून जे बोललात त्याला ते लागत नाही. कमेंट कोणाला दिसणार हे ज्याची पोस्ट आहे तो ठरवतो. वृत्तवाहिनीच्या पेजवर, कॉलेजच्या कन्फेशन पेजवर, नाटक-सिनेमाच्या सार्वजनिक ग्रुपवर तुम्ही २०१३ साली टाकलेली कमेंट आजही तुमच्या पूर्ण नावानिशी उघडी आहे. तुमच्या प्रोफाइलवर ती दिसत नाही, म्हणून तुम्हाला ती आठवतही नाही.

एवढ्या लाखो कमेंटमध्ये ती कोण शोधणार, असं वाटतं. शोधावं लागत नाही. फेसबुक ओळखीच्या माणसांची नावं वर आणून दाखवतं. ग्रुपमधल्या जुन्या पोस्टवर आज कोणी "हाहा, काय दिवस होते" लिहिलं की ती पोस्ट पुन्हा वर येते आणि तुमच्या मित्रयादीतल्या माणसाला तुमचीच कमेंट आधी दिसते. तो माणूस तुम्ही अर्ज केलेल्या कंपनीत असू शकतो. पुण्यात तर हमखास असतो.

नुसत्या लाइकचं कोण बघतंय?

आपल्याकडे लाइकसाठी अटक झाली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. ते कलम, ६६अ, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, ती गोष्ट वेगळी.

नोकरीच्या बाबतीत साध्या लाइकचं मी फार मनावर घेत नाही. कोणी चांगल्या बातमीलाही लाइक करतं, निधनाच्या बातमीलाही. फेब्रुवारी २०१६ नंतर मात्र फेसबुकवर निरनिराळ्या भावमुद्रा आल्या आणि तिथे अर्थ स्पष्ट झाला. अपघाताच्या किंवा मारहाणीच्या बातमीवर तुमचं हसणारं तोंड असेल, तर त्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही. त्या यादीत हसणाऱ्यांची नावं वेगळी काढून बघता येतात, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे लाइकचा ढीग चाळत बसू नका. हसलेल्या आणि चिडलेल्या तेवढ्या बघा.

सुरुवात कुठून करायची?

बाहेरून. आधी एखाद्या मित्राच्या फोनवरून, शक्यतो जो तुमच्या फेसबुक यादीत नाही अशाच्या, स्वतःला शोधा. नाव देवनागरीत, नाव रोमनमध्ये, वडिलांच्या नावासकट, आणि कॉलेजात असताना ठेवलेलं ते 'रॉकिंग'वालं नाव, सगळं टाका. जुना ईमेल आणि जुना मोबाइल नंबर फेसबुकच्या शोधात चालत नाहीत, ते `Forgot password` च्या पानावर टाकून बघा. विसरलेलं दुसरं खातं बहुधा याच वेळी सापडतं. पासवर्ड विसरलात म्हणून नवीन खातं काढलं होतं, आणि जुनं तसंच उघडं पडलंय, ही तर फारच नेहमीची गोष्ट.

त्यानंतर आतून. फेसबुकच्या `Activity log` मध्ये `Comments and reactions` हा भाग आहे. तिथे वर्षानुसार गाळून बघता येतं आणि खुणा करून एकदम बऱ्याच कमेंट काढताही येतात. दोन-तीनशे कमेंट असतील तर एवढं पुरे. हजारांत असतील तर बोट सरकवूनच रात्र जाते, मधेच यादी अडकते आणि परत वरून सुरू होते. अशा वेळी माहितीची पूर्ण प्रत उतरवून घ्या आणि ती कॉम्प्युटरवर शोधा.

प्रत उतरवली, पण मराठी शब्द शोधले तर एकही सापडत नाही. असं का?

तुम्ही `JSON` निवडलं असणार. फेसबुकच्या त्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरांचा चुराडा होतो. एक 'म' सुद्धा असा दिसतो:

```
\u00e0\u00a4\u00ae
```

मग 'माज' शोधून काय मिळणार? लोकांना वाटतं आपण कधी काही वाईट लिहिलंच नाही, आणि खूश होऊन फाइल बंद करतात. प्रत मागवताना `HTML` निवडा आणि कालावधी `All time` आहे ना ते बघा, नाहीतर अलीकडचंच तेवढं हाती येतं. फाइल तयार व्हायला काही तास ते एखादा दिवस लागतो आणि उतरवून घ्यायची मुदत थोड्या दिवसांचीच असते. आतल्या `comments_and_reactions` या फोल्डरमधली कमेंटची फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि Ctrl+F दाबा.

तपासाची खूण म्हणून आधी 'आहे' शोधा. शेकडो सापडले तर फाइल नीट आहे.

कोणते शब्द शोधायचे?

इथे मराठी माणसाची खास अडचण आहे. त्या काळात आपण निम्मं मराठी रोमनमध्ये लिहायचो आणि त्याला शुद्धलेखन नव्हतं. एकच माणूस सोमवारी `salya`, मंगळवारी `saalya` आणि बुधवारी `slya` लिहायचा. त्यामुळे पूर्ण शब्द शोधू नका, न बदलणारा तुकडा शोधा. `haramkhor` ऐवजी `haram`. फार छोटा तुकडाही नको. आमच्या एका पोराने `chya` शोधलं आणि 'त्याच्या', 'आमच्या', 'कॉलेजच्या' करत अख्खं आयुष्य समोर आलं.

शिव्या हा यादीतला सोपा भाग. खरं काम दुसऱ्या तीन गटांत आहे. एक, कामाचे शब्द: `boss`, `sir`, `client`, `HR`, `appraisal`, आधीच्या कंपन्यांची नावं. दोन, माणसांच्या गटांची नावं: जात, धर्म, 'बायका', 'भैय्ये', 'गावठी', 'घाटी', 'फुकटे'. तीन, मारामारीची भाषा: 'चोपला', 'हाणा', 'चपलेने', 'फोडून काढ'.

तिसऱ्या गटाचं कारण सांगतो. आपण 'हा मॅनेजर जीव घेतोय' किंवा 'साहेबांना एकदा फोडून काढलं पाहिजे' असं सहज लिहितो, वाचणाऱ्या मराठी माणसाला त्यात वैताग दिसतो. पण बघणारा मॅनेजर बंगळूरूचा असेल तर तो खालचं भाषांतराचं बटण दाबतो. शब्दाला शब्द ठेवला तर जीव घेणं हा खून होतो आणि फोडून काढणं ही मारहाण. चिडून लिहिलेल्या मराठीला यंत्राच्या भाषांतरात विनोद उरत नाही.

शब्दांहून चांगली युक्ती म्हणजे वेळ आणि तारीख. प्रत्येक कमेंटसोबत वेळ असते. रात्री बारानंतरच्या कमेंट वेगळ्या बघा. निवडणुकीच्या निकालाचे दिवस बघा, जसे १६ मे २०१४. भारत हरलेल्या सामन्यांच्या रात्री बघा. जिंकलेल्या रात्री आपण 'आयला, आयला' एवढंच लिहितो.

एखादं खरं उदाहरण द्याल का?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा. नाव सांगत नाही, गाव सांगली. २०१० ते १४ इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, आता टीम लीडच्या जागांसाठी अर्ज करायचे होते. प्रत उतरवली तर कमेंट चार हजारांच्या आसपास. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे बसला, शब्दांनी आणि तारखांनी गाळून साठेक कमेंट उरल्या. एकेक उघडून बघितल्या.

सगळ्यात वाईट निघाली ती २०१२ ची. कॉलेजच्या कन्फेशन पेजवर एका ज्युनिअर मुलीचा फोटो कोणीतरी टाकला होता आणि याने खाली रोमनमध्ये 'काय माल आहे राव' लिहिलं होतं. पोरगं स्क्रीनकडे बघून गप्प झालं. ही आज त्याच्या टीममधल्या मुलीने वाचली तर? काढली. मुख्य कमेंट काढल्यावर तिच्याखालची उत्तरंही गेली, दहा-बारा मित्रांचे दात त्यातच विचकलेले होते, तेही साफ झाले.

दुसरी २०१७ च्या दिवाळीतल्या एसटी संपाच्या बातमीखालची. 'माजलेत सगळे, हाकला एकेकाला.' तेव्हा तो स्वारगेटला अडकला होता, राग खरा होता. पण अडकल्याचं त्या ओळीत कुठे नव्हतं, होती फक्त कामगारांबद्दलची तुच्छता. आणि आता ज्या कंपनीला अर्ज करायचा होता ती वाहतूक क्षेत्रातली. काढली.

तिसरी त्याला स्वतःला फार आवडलेली पोस्ट होती: 'क्लायंट झोपलाय, सर्व्हर पडलाय, आम्ही मिसळ खातोय.' मी पण हसलो. पण खाली मित्राने 'कोणता क्लायंट?' विचारलं होतं आणि याने कंपनीचं नाव लिहिलं होतं. ग्राहकाचं नाव आणि त्याचा बंद पडलेला सर्व्हर एकत्र, हे मात्र भरती करणारा कधीच माफ करत नाही. उद्या हा आमच्याबद्दल काय लिहील, एवढंच त्याच्या डोक्यात येतं. काढली, जरा हळहळून.

चौथीने मला चकित केलं. पहिल्या कंपनीतला 'लास्ट डे' म्हणून केकचा फोटो, तारीख २९ मे २०१५. रेझ्युमेत मात्र त्या नोकरीची अखेर जुलै २०१५. मधले दोन महिने त्याने पुढची नोकरी लागेपर्यंत ताणून धरले होते. पोस्ट काढू का, म्हणाला. मी म्हटलं, पोस्ट राहू दे, रेझ्युमे दुरुस्त कर. पडताळणीत जुनी कंपनी खरी तारीखच सांगणार आहे.

शेवटी सव्वीस काढल्या, बाकी ठेवल्या. ठेवलेल्यांत महापालिकेवर आणि खड्ड्यांवर केलेली आगपाखड होती. आणि एका दिग्दर्शकाच्या सिनेमावर लिहिलेली चार परिच्छेदांची चिरफाडही.

म्हणजे राजकीय मतं काढायची नाहीत?

मतं मी काढायला सांगत नाही. ज्याच्या-त्याच्या हिमतीचा प्रश्न आहे. मी वाक्य कोणाकडे रोखलंय ते बघतो. 'हे धोरण चुकीचं आहे' हे राहू द्या. 'ह्या लोकांची लायकीच ती' हे काढा, मग ती लोकं कुठल्याही बाजूची असोत. मॅनेजर म्हणून मला एकच गोष्ट हवी असायची: हा माणूस आपल्याहून कमकुवत असलेल्याशी कसा बोलतो. ते जुन्या कमेंटमध्ये रेझ्युमेपेक्षा स्वच्छ दिसतं.

काढण्यापेक्षा कमेंट बदलून टाकली तर?

फेसबुकवर नको. बदललेल्या कमेंटखाली 'Edited' येतं आणि त्यावर टिचकी मारली की आधीचा मजकूर जसाच्या तसा दिसतो. म्हणजे तुम्ही लाजलात हेही कळतं आणि कशाला लाजलात तेही.

मित्राच्या अल्बममधल्या फोटोचं काय करू?

टॅग काढल्याने फक्त तुमच्या नावाचा धागा सुटतो, फोटो तिथेच राहतो. फोटो हवाच असेल काढायला तर फोन करा. मेसेजवर 'तो फोटो काढ' असं लिहिलं की समोरच्याला हुकूम वाटतो, शिवाय गंमत म्हणून तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला जातो. आमच्या पोराने गोव्याच्या २०१३ च्या फोटोंसाठी सरळ फोन केला, "अरे, नवीन नोकरी बघतोय, तेवढा अल्बम फक्त आपल्यापुरता कर ना." अल्बम डिलीट करायला सांगितलं असतं तर मित्र कुरकुरला असता. दिसण्याची मर्यादा बदलणं त्याला अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

ज्या मित्राशी भांडण झालंय आणि तुम्ही त्याला ब्लॉक केलंय, त्याच्या पोस्टवरच्या तुमच्या कमेंट तुम्हाला दिसत नाहीत, बाकीच्यांना मात्र दिसत असतात. तेवढ्यापुरता अबोला सोडावा लागतो.

ट्विटरचं, म्हणजे आताच्या एक्सचं?

स्वतःच्या प्रोफाइलवर खाली जात राहिलात तर जवळपास शेवटच्या ३,२०० पोस्टपर्यंतच पोहोचता. ज्यांनी त्याहून जास्त लिहिलंय त्यांना वाटतं जुनं गेलं. ते गेलेलं नसतं, शोधात बरोबर येतं. तिथेच असं लिहा, नावाच्या जागी आपलं नाव टाकून:

```
from:username until:2014-01-01
```

दुसऱ्याच्या लाइकची यादी जून २०२४ पासून कोणाला दिसत नाही, त्यामुळे तिथला लाइकचा घोर कमी झालाय. एकगठ्ठा पोस्ट काढून देणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. कुठल्याही साइटला पासवर्ड देऊ नका आणि परवानगी दिलीच असेल तर काम झाल्यावर सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्या.

लिंक्डइनवर तर मी काहीच लिहीत नाही.

लिहीत नसाल, पण अंगठा दाखवत असाल. लिंक्डइनच्या प्रोफाइलवर `Activity` मध्ये कमेंट आणि प्रतिक्रियांचे वेगळे कप्पे आहेत आणि भरती करणारा माणूस सबंध दिवस तिथेच असतो. मी स्वतः एका उमेदवाराच्या प्रतिक्रिया बघितल्या होत्या. आठवडाभरात सात-आठ पोस्ट, सगळ्या एकाच विषयावर: मॅनेजर कसे वाईट असतात. चुकीचं काही नव्हतं त्यात. पण मी त्याचा होणारा मॅनेजर होतो. मुलाखतीला बसताना ते माझ्या डोक्यात होतंच, आणि तसं ते असायला नको होतं.

आणखी कुठे काही राहिलेलं असतं?

गूगल मॅप्सवर. हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. राजीनामा दिल्यावर संतापाच्या भरात जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर एक तारा आणि 'इथे कोणीही जॉइन होऊ नका', खाली स्वतःचं नाव आणि फोटो. मॅप्स उघडून स्वतःच्या `Contribute` मध्ये बघा.

यूट्यूबच्या कमेंट `myactivity.google.com` वर सापडतात. ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं, त्या स्क्रॅपची काळजी सोडा.

काढलं की खरंच जातं का?

जिथे काढलं तिथून जातं. गूगलच्या शोधात त्याचा तुकडा काही दिवस रेंगाळू शकतो, त्यासाठी गूगलचीच `Refresh Outdated Content` नावाची सोय आहे, तिथे पत्ता दिला की झालं. इंटरनेट अर्काइव्हमध्ये पानाची जुनी प्रत असेल तर त्यांना ईमेलने विनंती करावी लागते. कोणाच्या फोनमधल्या स्क्रीनशॉटवर काही उपाय नाही.

इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन आठवतो का? २ जून २०२१, लॉर्ड्स, न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण. त्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली, अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाची वंशभेदी आणि स्त्रियांबद्दलची ट्विटं कोणीतरी वर काढली. सामन्यात त्याने सात बळी घेतले आणि सामना संपल्यावर निलंबित झाला. आठ-नऊ वर्षं ती ट्विटं तिथेच पडून होती, कोणी विचारत नव्हतं. तो मोठा झाला, त्या दिवशी ती सापडली. माझ्या अनुभवात साध्या नोकरीतही असंच होतं. अर्ज करताना नाही, तर बढतीच्या वेळी, जेव्हा कोणाला तरी तुम्ही नको असता.

किती आधी सुरू करायचं?

पहिला अर्ज जायच्या दीड महिना आधी. काम तीन-चार संध्याकाळचं आहे, पण प्रत यायला वेळ जातो, मित्र फोन उचलत नाहीत आणि फेसबुकच्या `Trash` मध्ये टाकलेली पोस्ट कायमची जायला तीस दिवस लागतात. एका दिवसात शेकडो कमेंट काढत सुटलात तर फेसबुक काही काळ हात बांधून ठेवतं, म्हणून थोडं थोडं काढा.

अमेरिकेत नोकरीसाठी चाललोय. तिथे वेगळं काही?

व्हिसाच्या DS-160 अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं २०१९ पासून विचारतात. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांना प्रोफाइल सार्वजनिक ठेवायलाही सांगितलं जातं. म्हणजे लॉकचा आधार तिथे नाही. साफसफाई अर्ज भरण्याच्या पुष्कळ आधी करा. आणि खातं बंद केलं असलं तरी पाच वर्षांच्या आत वापरलं असेल तर त्याचं नाव लिहा. अर्जात खोटं बोलणं हे कुठल्याही जुन्या कमेंटपेक्षा महागात पडतं.

मुलाखतीत एखादी जुनी पोस्ट समोर ठेवलीच तर?

"हो, मी लिहिलं होतं. तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आज तसं लिहिणार नाही." एवढं बोलून थांबा. 'अकाउंट हॅक झालं होतं' हे मी आठ-दहा वेळा ऐकलंय आणि एकदाही खरं वाटलं नाही.

मी सगळं साफ केलं, पण माझ्या फोटोखाली मामाने लिहिलंय: 'गाढवा, आता तरी नोकरीला चिकटून रहा.' ते दिसतंय सगळ्यांना.

तुमच्या पोस्टवरची दुसऱ्याची कमेंट तुम्हाला काढता येते, आणि फेसबुक मामांना कळवत नाही. पण मामा दिवाळीत हमखास विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर ती तशीच राहू दिली असती, फक्त फोटो मित्रांपुरता केला असता.